बारा आठवड्यांतले सरांचे दिवस

संक्रांत होऊन गेली होती. एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाचा आमचा वर्ग चंद्रपुरातल्या त्या कॉलेजच्या मागच्या खोलीत बसला होता, आणि आमच्या सरांनी एकेक झेरॉक्स कागद प्रत्येकाच्या हातात ठेवला. प्रबंधाचं वेळापत्रक. बारा आठवडे. "यंदा कोणाची कारणं ऐकणार नाही," सर म्हणाले आणि हजेरी घेऊन निघून गेले.

मी कागद वाचला. विषय ठरवणे, संदर्भ वाचणे, प्रश्नावली तयार करणे, मग माहिती संकलन दहा दिवस, मग लेखन, मग टायपिंग. अगदी तळाला, शेवटच्या आठवड्यात, एक ओळ होती : मार्गदर्शकांची मान्यता.

बस. सर आमचं लिखाण एकदाच बघणार होते, तेही सगळं टाईप होऊन बाइंडिंगला जायच्या तोंडावर. चूक निघाली तर काय करायचं, ते कागदावर नव्हतं. आणि ज्याने कोणी ते वेळापत्रक केलं होतं, तो हेही विसरला होता की आम्हाला दर गुरुवारी आणि शुक्रवारी क्षेत्रकार्याला, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम शिकायला, जावं लागत होतं. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस आधीच गेलेले. ही गोष्ट त्याच कॉलेजनं सक्तीची केली होती. आपल्याच कॉलेजचा नियम आपल्याच वेळापत्रकात धरायचा नसतो का? मला त्या कागदाचा इतका संताप आला की तो घडी न घालता चुरगाळून मी पिशवीत कोंबला.

माझा विषय मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांचा होता. मी स्वतः ढिवराची मुलगी. वैनगंगेच्या काठी, आरमोरीच्या बाजूला आमचं गाव. आमच्या भागात जुन्या मालगुजारांचे तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो आणि संस्थेचे सभासद पुरुष असतात. जाळं पुरुष ओढतात. मासे निवडणं, टोपलीत भरणं, डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन विकणं, उरलेले सुकवणं हे बायका करतात, आणि संस्थेच्या कागदावर त्या कुठेच नसतात. मला ते लिहायचं होतं.

सर म्हणाले होते, "तुझ्याच गावात कर की. घरच्या घरी. दोन दिवसांत फॉर्म भरून होतील."

माझ्या गावात मी कोणाची पुतणी, कोणाची भाची. तिथल्या बायका मला जे सांगतील ते पोरीला सांगतात तसं सांगतील, हे मला कळत होतं. म्हणून मी सिंदेवाहीच्या पुढची दोन गावं आणि नदीपलीकडचं, गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव घेतलं. तिन्ही ठिकाणी तलाव होते, आणि तिन्ही गावांच्या बायका वेगवेगळ्या वारी वेगवेगळ्या बाजारात बसत होत्या. सकाळी त्या तलावावर, दुपारी बाजारात. बोलायला सापडल्या तर संध्याकाळी चूल पेटायच्या आधी, नाहीतर बाजार नसेल त्या दिवशी. आणि शेवटची बस अंधार पडायच्या आत निघायची. आता यात दहा दिवस कसे बसवायचे?

माझी एक मैत्रीण होती. बल्लारपूरची, वडील पेपर मिलमध्ये. रोज पॅसेंजरनं यायची आणि गाडी लेट झाली की पहिला तास बुडवायची. तिचा विषय कंत्राटी कामगारांच्या मुलांच्या शाळेचा होता आणि मार्गदर्शक तेच सर. ती माझ्यापेक्षा शांत डोक्याची होती.

"चिडून काय होईल," ती म्हणाली. "आपण आपलं वेळापत्रक करू."

माझ्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दुपारची जेवणं झाल्यावर टेबल पुसून आम्ही बसलो. तिनं सांगितलं की पुढून लिहायचंच नाही, मागून लिहायचं. सादर करायची तारीख सगळ्यात वर. त्याच्या आधी बाइंडिंग. त्याच्या आधी टायपिंग आणि तपासणी मिळून पूर्ण आठवडा, कारण डीटीपीवाल्याकडे त्या दिवसांत सगळ्या कॉलेजांची गर्दी असते आणि वीज दुपारची हमखास जाते. त्याच्या आधी निष्कर्ष. त्याच्या आधी विश्लेषण. त्याच्या आधी सारण्या. सारण्यांच्या आधी मोठ्या कागदावर एकेका बाईची उत्तरं आडव्या ओळीत उतरवून काढणं, त्याला आठवडा हवाच. असं मागं मागं येत आम्ही गावात जायच्या आठवड्यांपर्यंत पोचलो, तेव्हा हातात चार आठवडे उरले. गुरुवार-शुक्रवार वजा करून चार.

"पुरतील?" तिनं विचारलं.

"तीन धर. चवथा कोरा सोड," मी म्हटलं. "एखादा बाजार बुडेल, कोणाचं मरण-लगीन निघेल. कोरा आठवडा पायजेच."

मग खरी अडचण आली. सरांनी वाचायचं कधी? आम्ही ठरवलं की प्रश्नावली एकदा, मग पहिली दोन प्रकरणं, मग विश्लेषण, मग शेवट, असं चार वेळा सरांना दाखवायचं. दरवेळी त्यांना वाचायला आठवडा द्यायचा आणि त्या आठवड्यात आपण बसून राहायचं नाही, पुढचं काम करायचं. पहिली दोन प्रकरणं म्हणजे प्रस्तावना आणि संदर्भसाहित्य. ती गावाला जाता-येता, माहिती गोळा करतानाच लिहायची, म्हणजे आम्ही गावात असताना सर ती वाचतील. कोणाचाच वेळ वाया जात नव्हता. आम्हाला ते इतकं साधं वाटलं की हे कॉलेजला आजवर कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते शाईनं नीट काढून सरांकडे नेलं. सर स्टाफरूममध्ये डबा खात होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा वर केला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय आहे?"

"वेळापत्रक, सर. तुमचं वाचून होण्याच्या तारखा पण टाकल्यात," मी म्हटलं.

"माझ्या तारखा तुम्ही टाकणार?"

"पेन्सिलीनं टाकल्यात, सर. तुमच्या सोयीनं बदलता येतील."

"मी तुमचा नोकर नाही," सर म्हणाले. ते ओरडले नाहीत. बाजूच्या टेबलावरचे दोघं वर बघायला लागले तेव्हा आवाज अजून खाली आणला. "विद्यार्थ्यानं मार्गदर्शकाला वेळ ठरवून द्यायचा, असं कुठं ऐकलं नाही मी. आणि माहिती गोळा करायला चार आठवडे? सगळ्या बायकांना समाजमंदिरात बोलाव, एकत्र बसव, फॉर्म भरून घे. मागच्या वर्षीच्यांनी काय केलं, विचार जरा."

मागच्या वर्षीच्यांनी काय केलं ते सगळ्या हॉस्टेलला ठाऊक होतं. अर्धेअधिक फॉर्म हॉस्टेलच्याच खाटेवर बसून भरले होते, निळ्या पेनानं थोडे आणि काळ्यानं थोडे. सरांना ते माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. मला माहीत आहे की त्यांना माहीत होतं. आणि तेच ते आम्हाला सुचवत होते, डबा खाता खाता, संशोधनपद्धतीचा पेपर शिकवणारा माणूस.

माझी मैत्रीण पायानं माझा पाय दाबत होती. सरांनी कागद परत दिला नाही, टेबलावरच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाले, "ठीक आहे. बघू."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "घेतला तर खरा."

"काचेखाली घातला. वाचायला नाई, झाकायला," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी कच्ची प्रश्नावली घेऊन पहिल्या गावात गेले. खरं काम सुरू करायच्या आधी थोड्या घरांत प्रश्न विचारून बघायचे असतात, म्हणजे प्रश्नच चुकला असेल तर कळतं. प्रश्न चुकला होता. पहिल्याच घरी एक बाई सुकट पसरत होत्या. हात मनगटापर्यंत माशांच्या खवल्यांनी चमकत होते. मी विचारलं, "बाई, तुमी कोणता व्यवसाय करता?"

"काई नाई व. घरीच रायतो," त्या म्हणाल्या.

"मंग हे मासे?"

"हे त त्याईचे होत. मी निस्ती इकतो."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी संस्थेचे अध्यक्ष येऊन खाटेवर बसले आणि बाईंच्या वतीनं उत्तरं द्यायला लागले. प्रश्नावली सगळी मोडून बांधावी लागणार होती. व्यवसाय विचारायचाच नाही. काल उठल्यापासून काय काय केलं, ते विचारायचं. आणि पुरुष घरी नसतात अशी वेळ धरायची, म्हणजे सकाळ. जाळं ओढायला ते तलावात असतात आणि बायका काठावर टोपल्या घेऊन वाट बघत बसतात. ती वेळ मोकळी होती. मी माझ्या वेळापत्रकात ती धरलीच नव्हती, ती गावात गेल्यावर सापडली.

हे सगळं सरांना दाखवून, प्रश्नावली पक्की करून मग पुढं जायचं होतं. आमच्या कागदावर तो सरांचा पहिला दिवस होता. मी सकाळी कॉलेजात पोचले. शिपाई म्हणाले, सर नागपूरला पेपर तपासायला गेलेत. कधी येतील? सांगून गेले नाहीत.

मी दोन दिवस वाट पाहिली. गुरुवार आला, क्षेत्रकार्याला गेले. सर आले नाहीत. तेव्हा मात्र मी ठरवलं की आता थांबायचं नाही. संशोधनपद्धतीचं पुस्तक काढून प्रश्नांची भाषा मीच तपासली, मैत्रिणीला वाचायला दिली, तिनं दोन प्रश्न एकच आहेत म्हणून खोडले, आणि नवी प्रश्नावली झेरॉक्स करून मी निघाले. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय. ते नियमात बसत नव्हतं, पण नियमानं सरही चंद्रपुरात असायला हवे होते.

ते आठवडे मला आवडले, हे सांगायलाच हवं. पहाटेच्या बसनं उतरायचं, बांधावरून तलावावर जायचं. काठावर बायका गुडघे जवळ घेऊन बसलेल्या असायच्या. पाण्यावर धुकं. कोणी मला चहा द्यायचं, कोणी भाजलेले झिंगे हातावर ठेवायचं. नव्या प्रश्नांना उत्तरं धोधो यायला लागली. एक विधवा बाई होत्या, नवऱ्याच्या जागी त्यांचं नाव संस्थेनं घातलं नव्हतं, दिराचं घातलं होतं. त्या म्हणाल्या, "मले कोनी इचारलंच नाई. आता तू इचारून राह्यली त मले समजलं का इचारायची बात होती मनून." मी तसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुसऱ्या गावात घोटाळा झाला. संस्थेनं पाणी उतरलं म्हणून तलाव लवकर मारायला घेतला. सगळे मासे एकदम काढायचे, बायका दिवसभर बाजार ते बाजार. एकही बाई भेटेना. त्यांना कोण काय बोलणार? त्यांचं वर्षाचं काम ते. मी परत आले, आणि आमचा तो कोरा आठवडा त्या गावाच्या दुसऱ्या खेपेत गेला. पण गेला तो कामी आला. माहिती ठरल्या आठवड्यात पुरी झाली. मला अभिमान वाटला, लपवत नाही.

मधल्या काळात पहिली दोन प्रकरणं मी स्वच्छ अक्षरात लिहून सरांच्या टेबलावर ठेवली होती, त्यांच्या समोरच. ते म्हणाले होते, "ठेव." त्यांचा वाचायचा आठवडा गेला. त्यानंतरचाही गेला. सारण्या करायला मी कॉलेजात परतले, तेव्हा रोज दुपारी जाऊन विचारायची. सर कधी वर्गात, कधी मीटिंगमध्ये, कधी नुसतेच "उद्या". उद्या गेलं की परवा. आता माझ्याकडे कोरा आठवडा राहिला नव्हता, आणि पहिल्या दोन प्रकरणांत काही बदलायचं असेल तर पुढचं सगळं हलणार होतं.

एका दुपारी मी गेले तर स्टाफरूमबाहेरच्या बाकावर सरांकडची सगळी मुलं बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. कोणी सकाळपासून, कोणी सलग तिसऱ्या दिवशी. एक मुलगा तर एटापल्लीहून आला होता, एका फेरीला त्याचा अख्खा दिवस जायचा. माझी मैत्रीण भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "माझं चौथ्या प्रकरणापर्यंत झालं. सरांनी पहिलंच उघडलं नाई अजून."

मी दार ढकललं आणि आत गेले. मला बोलावलं नव्हतं.

सर टेबलाशी होते. माझी प्रकरणं टेबलाच्या कडेला एका गठ्ठ्यात होती, मी बांधली होती त्याच दोऱ्यात, त्याच गाठीत.

"सर, तुम्ही गाठसुद्धा सोडली नाही," मी म्हटलं.

"बाहेर थांब. बोलावतो."

"थांबून थांबून आठवडे गेले. तुमच्या दोन तारखा होत्या. एकीला तुम्ही नागपूरला होता. दुसरीला इथं होता, पण वाचलं नाही. आता माझं विश्लेषण तयार होतंय आणि पहिलं प्रकरण बरोबर आहे का ते मला माहीत नाही."

"त्या तारखा मी दिल्या नव्हत्या."

"मग द्या. तुम्ही द्या. कोणत्याही द्या. पण द्या."

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरचा बाक गप्प झाला. सर उभे राहिले. मला वाटलं, आता गेलं सगळं. पण ते गठ्ठ्यांकडे हात करून म्हणाले, "हे बघ. सगळ्यांचं. तुम्ही सगळे एकाच आठवड्यात आणून टाकता. वर माझे पेपर, ॲडमिशनची कामं, क्षेत्रकार्याचे अहवाल. मी माणूस आहे. पयलं कोनाचं वाचू मी? एकाचं वाचलं की दुसरा म्हणतो माझं काऊन नाई." इतका वेळ प्रमाण भाषेत बोलणारे सर रागात आमच्या भाषेवर आले होते. ते मूळचे मूल गावाच्या बाजूचे.

ते खोटं बोलत नव्हते. ते मला दिसलं आणि त्यामुळे राग कमी झाला नाही, फक्त वळला. हे त्यांना दर वर्षी होत असणार. दर वर्षी हेच गठ्ठे, हाच बाक. आणि त्यावर त्यांनी कधी काही केलं नव्हतं, तळाला एक ओळ लिहून मोकळे झाले होते. आणि ज्यांनी काही केलं त्यांचा कागद काचेखाली झाकला होता. तो तिथंच होता, वर चहाच्या कपाचं गोल.

"सर, मग आम्ही वाटून घेतो," मी म्हटलं. "रोज एकाचंच येईल. आम्ही ठरवू कोणाचं कधी. तुम्ही फक्त त्या दिवशी इथं राहा."

सर बसले. "उद्या सांगा," म्हणाले.

बाहेर बाकावर आमचं भांडण झालं. प्रत्येकाला पहिला दिवस हवा होता. ज्याचं काही लिहून झालं नव्हतं त्यालाही. माझ्या मैत्रिणीनं सगळ्यांना विचारलं, आज खरंच किती लिहून झालंय, खोटं नको. मग ज्याचं तयार तो आधी. एटापल्लीच्या मुलाला सोमवार, म्हणजे तो रविवारी येऊन राहू शकेल. सगळ्यांची सगळी प्रकरणं वाचून होणार नाहीत, हेही मान्य करायचं. विश्लेषण आणि निष्कर्ष सरांनी वाचायचे, पहिली प्रकरणं आम्ही एकमेकांची तपासायची. गुरुवार-शुक्रवार सोडून. एका मुलीनं तक्रार केली की तिचा वार फार उशिरा आला. मैत्रीण म्हणाली, "तुझं लिहून कवा होते ते सांग आदी."

सरांनी त्या कागदावर सही केली. या वेळी वार पेनानं लिहिलेले होते. तो कागद दारावर लागला.

तो चालला, पण जसा लिहिला तसा नाही. सरांचे दोन वार बुडाले, त्या दिवसांचं काम पुढच्या सोमवारवर ढकललं गेलं आणि सगळ्यांचं एकेक घर सरकलं. पण सरकलं ते सगळ्यांना दारावर दिसत होतं. बाकावर कोणी बसून राहिलं नाही.

माझं विश्लेषण सरांनी खरंच वाचलं. ओळ न् ओळ. दोन सारण्यांतल्या टक्केवाऱ्या चुकल्या होत्या, त्या त्यांनी धरल्या, आणि एका ठिकाणी मी तीन गावांवरून दोन्ही जिल्ह्यांबद्दल बोलत होते, तिथं लिहिलं, "हे तुला म्हणता येणार नाही." बरोबर होतं. मग पुढं त्या विधवा बाईंचं वाक्य होतं. सरांनी लाल पेनानं 'मले'चं 'मला' केलं होतं, 'इचारलं'चं 'विचारलं'.

"सर, हे तिचं बोलणं आहे. माझं नाही."

"प्रबंधाची भाषा प्रमाण पाहिजे."

"तुम्हीच शिकवलं, उत्तर देणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत. आणि तुम्ही रागावता तेव्हा असंच बोलता."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "कर काय करायचं ते," म्हणाले. मी तसंच टाईप करायला दिलं. डीटीपीवाल्यानं ते आपणहून पुन्हा 'मला' केलं, मी पुन्हा बसून बदलून घेतलं, वीज गेली, आली, बदलून घेतलं. टायपिंगचा आठवडा पुरा लागला. प्रबंध मुदतीत गेला. आमच्या बाकावरचे सगळेच गेले.

मौखिक परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, वयस्कर, मृदू बोलणारे. माझा प्रबंध चाळून त्यांनी तलावावरच्या सकाळच्या मुलाखतींबद्दल विचारलं, चांगलं विचारलं. मग सरांकडे वळून म्हणाले, "यंदा तुमच्याकडचे प्रबंध वेळेत आणि नीट दिसताहेत."

सर म्हणाले, "यंदा मी वाचनाचं वेळापत्रकच करून दिलं. प्रत्येकाला वार ठरवून दिले. शिस्त लावल्याशिवाय होत नाही."

मी समोर बसले होते. मला एक क्षण वाटलं, सोड. पदवी हातात येऊ दे. पण शब्द आधीच तोंडात आले होते.

"सर, ते वेळापत्रक आम्ही केलं होतं."

परीक्षक हसले, विनोद समजून. सर हसले नाहीत. "विद्यार्थ्यांचा सहभाग होताच," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न झाला.

बाहेर मैत्रिणीला सांगितलं तर ती माझ्यावरच तापली. "काऊन बोलली? काय भेटलं तुले?"

"काई नाई भेटलं."

"आता मार्क कापतील."

मार्क अपेक्षेपेक्षा कमी आले. त्या वाक्यामुळे आले की प्रबंधातच तेवढं होतं, मला सांगता येणार नाही. तिचे माझ्यापेक्षा बरे आले. ती त्यावर कधी बोलली नाही, आणि मीही नाही.

पुढच्या वर्षी मी गडचिरोलीत एका संस्थेत कामाला होते. पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला हिवाळ्यात कॉलेजात गेले, तर विभागाच्या फलकावर नवं वेळापत्रक लागलेलं. टाईप केलेलं, खाली सरांची सही. मी जवळ जाऊन वाचलं. आमचंच होतं. माहिती संकलनाला चार आठवडे, त्यातला शेवटचा राखीव. सारण्यांचा आठवडा. टायपिंगचा आठवडा. क्षेत्रकार्याचे दिवस वगळून. सगळं बरोबर घेतलं होतं. फक्त सरांच्या तारखांचा रकाना काढून टाकला होता. त्या जागी लिहिलं होतं : विद्यार्थ्यांनी प्रकरणे वेळेत सादर करावीत, विलंबास विद्यार्थी जबाबदार राहील.

मी तिथं उभी होते आणि माझे कान तापले होते. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. नेमका कोणता रकाना काढायचा ते त्यांना बरोबर कळलं होतं. सरांच्या खोलीला कुलूप होतं. असते तर मी आत गेले असते.

फलकाशी दोन मुली वेळापत्रक वहीत उतरवून घेत होत्या. मी म्हटलं, "यात सर कधी वाचणार ते नाही. तेवढ्या तारखा मागा. सगळ्यांनी मिळून मागा, आत्ताच, माहितीला जायच्या आधी."

त्यातली एक म्हणाली, "मॅडम, सर चिडतात म्हणे."

"चिडतात," मी म्हटलं. "चिडू द्या. पण मागा."

तिनं सोबतच्या मुलीकडे बघितलं. मग वहीत खाली काहीतरी लिहिलं. मी कार्यालयात जाऊन माझं प्रमाणपत्र घेतलं आणि गडचिरोलीची बस धरायला निघाले. बस मूल गावाला पोचली तरी माझा राग उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरता उतरलेला नाही.